वडिलांच्या विसरलेल्या ठेवी कशा शोधाव्यात? बेळगाव सीमाभागातल्या वारसांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या घरांत एक अडचण ठरलेली. माणूस राहिला कर्नाटकात, व्यवहार कोल्हापूर-सांगलीपर्यंत पसरलेले, कागद काही मराठीत, काही कन्नडमध्ये, काही इंग्रजीत. त्यात ज्या बँकेत पैसे ठेवले तिचं नावही आज बदललेलं. इथली उत्तरं मुख्यतः बँकेतल्या ठेवींबद्दल आहेत. विमा आणि शेअर यांच्या वाटा वेगळ्या, त्यांत इथे शिरत नाही.

वडील गेले. त्यांचे पैसे कुठे होते हे घरात कुणालाच नीट माहीत नाही. सुरुवात कुठून करायची?

घरातल्या ट्रंकेपासून. लोक आधी मोबाईल उघडतात आणि काही सापडलं नाही की विषय सोडून देतात. जुनी पासबुकं, ठेव पावत्या, चेकबुकाची उरलेली अर्धुकं, बँकेचं पत्र आलेलं पाकीट, लॉकरच्या भाड्याची पावती, यांतलं काहीही टाकू नका. पावतीची मुदत संपून वीस वर्षं झाली असली तरी ती रद्दी नाही.

मग वडिलांच्या कमाईच्या वाटा आठवा. ऊस घालत असतील तर कारखान्याचं बिल कुठल्या बँकेत जमा व्हायचं? शिक्षक किंवा सरकारी नोकर असतील तर पगार आणि पेन्शन कुठे यायची? पीक कर्ज कुठून घेतलं होतं? फौंड्रीत किंवा मिलमध्ये असतील तर पगाराचं खातं कुठे उघडलं होतं? माणूस बहुधा ज्या शाखेत पैसे यायचे तिथेच, किंवा तिच्या शेजारच्या शाखेत ठेव ठेवतो.

वडिलांचं पॅन असेल तर आणखी एक चांगली वाट आहे. आयकराच्या पोर्टलवर मयताचा वारस म्हणून नोंदणी करता येते. त्यानंतर त्यांचं २६ एएस आणि वार्षिक माहिती विवरण पाहता येतं. एखाद्या बँकेने व्याजावर कर कापला असेल किंवा व्याज कळवलं असेल, तर त्या बँकेचं नाव तिथे सापडतं.

रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर सगळ्या ठेवी दिसतात ना?

नाही, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. UDGAM हे पोर्टल रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू केलं. त्यावर फक्त दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ कुणी हात न लावलेल्या ठेवी सापडतात. बचत खात्यात दहा वर्षं ग्राहकाने काहीच व्यवहार केला नाही, किंवा मुदतठेवीची मुदत संपून दहा वर्षं झाली आणि कुणी मागायला आलं नाही, की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ‘ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी’कडे वर्ग करते. हा निधी २०१४ पासून आहे, आणि पोर्टल त्याच्याच यादीत शोधतं.

म्हणजे वडील तीन वर्षांपूर्वी गेले आणि तोपर्यंत खातं चालू होतं, तर ते खातं पोर्टलवर दिसणार नाही. ते अजून बँकेकडेच आहे. तिथे शाखेत जाऊनच विचारावं लागतं. पोर्टलवर ‘काही सापडलं नाही’ असं आलं म्हणून वडिलांचं काहीच नव्हतं असं समजू नका.

दुसरी मर्यादा बँकांची आहे. मार्च २०२४ पर्यंत ३० बँका पोर्टलवर आल्या होत्या. निधीतल्या रकमेचा मोठा भाग त्यांच्याकडचाच आहे, पण आपल्या भागातल्या अनेक सहकारी बँका त्या यादीत सापडत नाहीत. अशा बँकेने दावा न झालेल्या ठेवींची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर टाकायची असते. ती तिथे पाहावी किंवा सरळ शाखा गाठावी.

पोर्टलवर शोध नेमका कसा घ्यायचा?

udgam.rbi.org.in हा पत्ता स्वतः टाईप करा. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका. आपला मोबाईल नंबर आणि नाव देऊन, ओटीपी टाकून नोंदणी होते. पैसे लागत नाहीत. मग वैयक्तिक शोधात खातेदाराचं नाव टाकायचं, बँका निवडायच्या (एकदम सगळ्या निवडता येतात), आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, जन्मतारीख यांतलं किमान एक द्यायचं. यांतलं काहीच नसेल तर पत्ता देऊन शोधता येतं.

इथे दोन-तीन गोष्टी अनुभवाने कळतात. १९९० च्या दशकात उघडलेल्या खात्याला बँकेच्या नोंदीत पॅन असेलच असं नाही, त्यामुळे पॅनने शोध घेऊन काही आलं नाही तर जन्मतारखेने घ्या, मग पत्त्याने घ्या. जन्मतारीखही एकच धरून बसू नका. त्या पिढीतल्या कित्येकांची शाळेतली जन्मतारीख १ जून आहे आणि खरी वेगळीच. बँकेत बहुधा शाळेचीच गेलेली असते. पत्त्यात Belagavi न लिहिता Belgaum लिहून बघा, कारण शहराचं नाव अधिकृतपणे १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं आणि जुन्या नोंदी त्याआधीच्या आहेत.

नावाचे जेवढे अवतार घरातल्या कागदांवर आहेत तेवढे सगळे करून पाहा. Laxman, Lakshman, Laxmanrao, L. G. Patil, आडनाव आधी, आडनाव शेवटी. वेळखाऊ काम आहे, पण ठेव सापडते ती बहुधा अशाच एखाद्या स्पेलिंगवर.

जुळणी झाली की UDRN नावाचा एक क्रमांक दिसतो. रक्कम दिसत नाही. तो क्रमांक लिहून घ्या, पडद्याची छापील प्रत काढा आणि त्या बँकेत जा. दावा पोर्टलवर होत नाही, बँकेतच होतो.

पावतीवर जी बँक आहे ती आज कुठेच नाही. पैसे बुडाले का?

बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर पैसे बुडत नाहीत. देणं नव्या बँकेवर येतं. आपल्या भागातल्या पावत्यांवर नेहमी दिसणारी नावं सांगतो. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० पासून कॅनरा बँक झाली आणि त्याच दिवशी कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली. विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये गेली. आयएनजी वैश्य २०१५ मध्ये कोटक महिंद्रात. स्टेट बँक ऑफ म्हैसूर २०१७ मध्ये स्टेट बँकेत.

ग्रामीण बँकेचा प्रवास जरा लांबचा आहे. मलप्रभा ग्रामीण बँक २००५ मध्ये कर्नाटक विकास ग्रामीण बँकेत गेली आणि ती १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेचा भाग आहे. घरात ‘मलप्रभा’चं पासबुक असेल तर ते घेऊन आजच्या ग्रामीण बँकेच्या शाखेत जायचं.

पोर्टलवर शोधताना जुन्या बँकेचं नाव शोधू नका, आजच्या बँकेचं निवडा. सहकारी बँक परवाना रद्द होऊन बंद पडली असेल तर प्रश्न वेगळा. तिथे अवसायक, म्हणजे बंद बँकेची देणी-घेणी मिटवणारा अधिकारी, आणि ठेव विमा यांच्याकडे जावं लागतं. विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये आहे, त्याआधी १ लाख होती.

निधीत गेलेले पैसे परत मिळतात का? व्याजाचं काय?

मिळतात, आणि त्याला कालमर्यादा नाही. रिझर्व्ह बँकेच्या दारात जायची गरज नसते. बँकेने वारसाला आपल्याकडून पैसे द्यायचे आणि मग निधीकडून स्वतः वसूल करायचे, अशी रचना आहे. ‘पैसे आरबीआयला गेलेत, तिकडे अर्ज करा’ असं कुणी शाखेत म्हणालं तर ते चुकीचं आहे.

व्याज देणाऱ्या खात्याच्या रकमेवर निधीत गेल्यानंतरही व्याज मिळतं, पण सरळव्याज. दर ३० जून २०१८ पर्यंत ४ टक्के, १ जुलै २०१८ पासून साडेतीन आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के.

समजा, सांगली बँकेची एक ठेव २००६ मध्ये पिकली. कुणी नेली नाही. मुदतीनंतरच्या व्याजासह २४,००० रुपये झाले आणि ते १ जानेवारी २०१७ ला निधीत गेले. पहिल्या दीड वर्षाचे १,४४०, पुढच्या दोन वर्षं दहा महिन्यांचे साधारण २,४००, आणि १० मे २०२६ पर्यंतच्या पाच वर्षांचे ३,६००. म्हणजे हातात ३१,४०० च्या आसपास. लाखोंची आशा धरून गेलेल्यांची इथे निराशा होते. तेव्हा कागदांवर किती खर्च करायचा हे या आकड्याकडे बघून ठरवावं.

ठेव दोघांच्या नावावर होती किंवा नॉमिनी लावलेला होता, तर काय लागतं?

हा सगळ्यात सोपा प्रकार. वडील आणि आई यांचं खातं ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं असेल तर पैसे आईच्या हातात मिळतात. नॉमिनी असेल तर नॉमिनीने जायचं. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि पैसे घेणाऱ्याचं ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, एवढंच. वारसा दाखला, हमीपत्र, जामीनदार यांतलं काही बँकेने मागायचं नाही, मग रक्कम कितीही असो.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देऊन मोकळी होते, तो मात्र इतर वारसांना उत्तरदायी राहतो. थोरल्या मुलाला नॉमिनी केलं म्हणून बहिणीचा हक्क संपत नाही.

नॉमिनी नाही, वारस चार, त्यातली बहीण कोल्हापूरला. नेमके कोणते कागद जमवायचे?

हेच प्रकरण आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं, म्हणून एका घराचं उदाहरण सविस्तर घेऊ. खानापूर तालुक्यातले निवृत्त शिक्षक. कोल्हापूरच्या दवाखान्यात वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, कोल्हापूरला दिलेली मुलगी. पोर्टलवर एका सरकारी बँकेत त्यांच्या नावाची जुनी ठेव सापडली. पावती घरात नाही.

रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मयत खातेदारांच्या दाव्यांसाठी एकसारखे नियम काढले आणि बँकांना ते ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायला सांगितले. त्यानुसार व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. बँक स्वतः याहून वरची मर्यादा ठेवू शकते. या मर्यादेत कोर्टाचा कागद लागत नाही आणि तिऱ्हाईत जामीनदारही लागत नाही.

लागतं ते असं. दाव्याचा ठरलेला अर्ज. मृत्यूचा दाखला. दावा करणाऱ्या वारसांची ओळखपत्रं. त्यांनी लिहून द्यायचं हमीपत्र, म्हणजे उद्या दुसरा हक्कदार आला तर आम्ही भरून देऊ असं वचन. पैसे नको असलेल्या वारसांचं ना-हरकत पत्र. आणि वारस कोण हे दाखवणारा कागद. हा कागद म्हणजे सक्षम अधिकाऱ्याचा वारसा दाखला, किंवा कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या, बँकेला मान्य अशा व्यक्तीचं लेखी निवेदन. गावातले जुने मुख्याध्यापक यासाठी चांगले, चुलतभाऊ नको.

या घरात आईच्या नावावर पैसे घ्यायचं ठरलं तर दोन्ही मुलगे आणि मुलगी यांनी ना-हरकत द्यायची. मुलीला वगळून ‘आम्ही दोघे भाऊच वारस’ असं लिहून देणारी घरं आहेत. तो खोटा कागद ठरतो. हिंदू वारसा कायद्यात मुलगी, मुलगा, पत्नी यांचा वाटा सारखा. आणि शिक्षकांची आई, म्हणजे आजी, हयात असेल तर तीही त्याच पहिल्या वर्गात येते. आजीची सही राहिली म्हणून फाईल परत येते, तेव्हा लोक चकित होतात.

पावती नसली तरी दावा अडत नाही. ठेवीची नोंद बँकेकडे आहे, हरवल्याचं लिहून द्यायचं.

मृत्यू कोल्हापुरात झाला. दाखला तिथला, राहणं कर्नाटकात. चालतो का?

चालतो. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, राहत्या गावी नाही. त्यामुळे मिरज किंवा कोल्हापूरच्या दवाखान्यात वारलेल्यांचा दाखला तिथल्या महापालिकेकडूनच काढायचा. गावच्या पंचायतीत हेलपाटे मारून उपयोग नाही. प्रती जरा जास्तच काढून ठेवा, प्रत्येक बँक एक मागते.

वारसा दाखला मात्र राहत्या जागेचा, म्हणजे कर्नाटकातला. त्यासाठी आपल्या होबळीच्या नाडकचेरीत अर्ज करायचा. गावपातळीवर चौकशी होते, शेजाऱ्यांचे जबाब होतात आणि मग दाखला निघतो. तिथून मिळणारा ‘वंशवृक्ष’ आणि ‘हयात कुटुंबीयांचा दाखला’ हे दोन वेगळे कागद आहेत. बँकेला कोणता चालेल ते शाखेत आधी विचारा आणि मगच अर्ज करा. अर्जात लग्न झालेल्या मुलींची नावं आलीच पाहिजेत. कन्नडमधला दाखला हातात आल्यावर प्रत्येक नाव तिथेच उभं राहून वाचून घ्या. घरात कन्नड वाचणारं शाळकरी पोर असेल तर त्याला सोबत न्या.

बँकेत नाव एक, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं. आता?

सीमाभागात हे व्हायचंच. शाळेत मराठीत ‘लक्ष्मण गणपती पाटील’, रेशनकार्डावर कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं Lakshmana, बँकेत L. G. Patil. फरक स्पेलिंगचा असेल तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र बहुधा पुरतं. त्यात नावांची सगळी रूपं आणि ती कुठल्या कागदावर आहेत ते लिहा. सोबत दोन्ही नावांना जोडणारा एखादा जुना कागद लावा. पेन्शनचा हुकूम याला फार कामाचा, कारण त्यावर पूर्ण नाव, बँक आणि सही तिन्ही असतात.

मृत्यूच्या दाखल्यात वडिलांचं नावच चुकलं असेल किंवा आडनाव दुसरं पडलं असेल, तर प्रतिज्ञापत्रावर भागवू नका. दाखलाच दुरुस्त करून घ्या. पुढे सातबाऱ्याला, म्हणजे आपल्याकडच्या पहाणी पत्रकाला, वारस लावताना तीच चूक पुन्हा आडवी येते.

कोर्टात कधी जावं लागतं?

वारसांत भांडण असेल, कुणी हरकत घेतली असेल किंवा रक्कम मर्यादेच्या वर असेल तेव्हा बँक उत्तराधिकार प्रमाणपत्राकडे बोट दाखवू शकते. मयत शेवटी जिथे राहत होता तिथल्या दिवाणी न्यायालयात ते मिळतं. खानापूरचा माणूस कोल्हापुरात वारला म्हणून कोल्हापूरच्या कोर्टात जायचं नसतं. पंचवीस-तीस हजारांसाठी ही वाट परवडत नाही, त्यापेक्षा भावंडांशी बोलणं बरं.

पतसंस्था, सौहार्द सहकारी आणि पोस्ट यांचं काय?

यांतलं काहीच UDGAM वर नाही. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी या बँका नव्हेत, त्यांना ठेव विमाही नाही. तिथली ठेव शोधायची तर संस्थेच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर सहकार खात्याच्या निबंधकांकडे जा. पोस्टातली ठेव पोस्टातच विचारायची, पासबुकाचा क्रमांक असेल तर काम लवकर होतं.

‘वीस टक्के द्या, ठेव काढून देतो’ म्हणणारा माणूस भेटलाय.

शोध फुकट आहे, दावा फुकट आहे. अर्ज भरून द्यायचे शे-दोनशे द्या, ओटीपी आणि मूळ पावती देऊ नका.

शाखा आज या, उद्या या करते. किती दिवस थांबायचं?

सगळे कागद पोचल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असं नियम सांगतो. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर ठेवीच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या ‘बँक दरा’च्या वर ४ टक्के दराने भरपाई द्यायची असते. पण हे १५ दिवस मोजायचे कधीपासून हाच वाद होतो, म्हणून कागद देताना यादी करून तिच्यावर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. कागद कमी असेल तर कोणता ते लेखी मागा. तोंडी ‘अजून एक कागद आणा’ हे पुन्हा पुन्हा ऐकू येत असेल तर समजा, यादीच केलेली नाही.

त्यानंतरही काही हललं नाही तर आधी बँकेच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रारीला शिक्का मारलेली ती यादी जोडा.